डबे मोजा, महिना नको

पुण्यात पेठांच्या भागात डबे देणाऱ्या बहुतेकांच्या कार्डावर भाजी-पोळीचा तपशील असतो, दर असतो, फोन नंबर असतो. भांडणं मात्र जेवणावरून फार कमी होतात. ती होतात खाड्यावरून, सुट्ट्यांवरून आणि उरलेल्या पैशांवरून. माझ्याकडे स्पर्धा परीक्षेची मुलं आहेत, दोन-तीन बँकवाले आहेत, मुलं परदेशी असलेली आजी-आजोबांची जोडपीही आहेत. या सगळ्यांशी वागताना पक्क्या झालेल्या या अटी. नव्याने डबा सुरू करणाऱ्याला उपयोगी पडतील आणि डबा लावणाऱ्यालाही.

१. महिना विकू नये, डबे विकावेत.

‘महिन्याचे ३,९०० रुपये’ म्हटलं की पुढचा प्रश्न येतोच, महिना म्हणजे किती दिवस? तीस, एकतीस, की पुढच्या महिन्याच्या त्याच तारखेपर्यंत? रविवार बंद असेल तर तो धरायचा की वगळायचा? या सगळ्याला एकच उत्तर आहे. ३,९०० रुपयांत ५२ डबे, म्हणजे सव्वीस दिवस दोन्ही वेळचे. डबा पंच्याहत्तर रुपयांना पडला. ५२ डबे संपले की पुढचे पैसे, मग ते एकोणतिसाव्या दिवशी संपोत नाहीतर चाळिसाव्या. सुट्टी त्यांनी घेतली काय किंवा आम्ही, न दिलेला डबा शिलकीतच राहतो. अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात.

यासाठी वही लागते. प्रत्येक मेंबरचं एक पान, रोजच्या दोन खुणा. शनिवारी रात्री मी शिलकीचा आकडा प्रत्येकाला फोनवर पाठवते. ‘तुमचे २३ राहिले’ एवढाच निरोप. चूक असेल तर त्याच आठवड्यात कळते. महिनाअखेरीस दोघांच्याही आठवणीवर विसंबून हिशोब करायला बसलं की दोघंही खरं बोलत असतात आणि आकडे तरी वेगळेच निघतात.

२. खाड्याची वेळ स्वयंपाकघर ठरवतं.

‘काकू, उद्या खाडा’ हा निरोप रात्री साडेनऊला आला तर चालेल का? चालत नाही, आणि त्यात कुणाचा आडमुठेपणा नाही. उद्या दुपारी छोले असतील तर ते रात्री आठच्या सुमारास भिजत पडतात. उसळीची मटकी तर त्याही आधी भिजून फडक्यात बांधलेली असते. भाजी पहाटे मंडईतून येते आणि किती जुड्या घ्यायच्या हे आदल्या संध्याकाळी ठरतं. पोळ्यांच्या बाई सकाळी सातला कणीक भिजवतात. डब्याला चार पोळ्या. चाळीस डबे असले तर एकशे साठ, आणि त्यांचे पैसे पोळीमागे असतात. दहा वाजता एक खाडा आला तरी त्या चार पोळ्या लाटून झालेल्या असतात आणि त्यांचे पैसे द्यावेच लागतात.

म्हणून आमची वेळ अशी: दुपारच्या डब्याचा खाडा आदल्या संध्याकाळी सातपर्यंत, रात्रीच्या डब्याचा त्याच दिवशी सकाळी अकरापर्यंत. त्यानंतर कळवलं तर तो एक डबा गेला, पुढचे शिलकीत. निरोप लेखी हवा. जिन्यात भेटल्यावर ‘मी परवा गावाला चाललोय’ म्हणणं हा खाडा नव्हे, कारण ते सांगितलं जातं तेव्हा माझ्या हातात वही नसते.

एका वेळचा सुटा खाडा आम्ही धरत नाही, सलग दोन दिवस तरी हवेत. हे ऐकून लोक नाराज होतात. पण शुक्रवारी रात्री ऑफिसची पार्टी, शनिवारी मित्राकडे, बुधवारी कंटाळा, असे खाडे होऊ लागले की तो माणूस महिन्याच्या दराने सुटे डबे खात असतो. वेळेत आलेल्या खाड्यातही आमचे फार तर निम्मे पैसे वाचतात, भाजी-डाळ-तांदळाचे. गॅस, मदतनीस, डबे पोचवणारा मुलगा यांचा खर्च तसाच राहतो. तरीही मी वेळेतला खाडा पूर्ण डबा म्हणून पुढे देते. दरवेळी निम्मा-पाऊण डबा कापत बसणं मला पटत नाही. त्याऐवजी मर्यादा घातली आहे: एका ५२च्या हप्त्यात बारा डब्यांपर्यंतच खाडा. त्याहून लांबचा प्रवास असेल तर डबा बंद करून परत आल्यावर सुरू करायचा. डब्यांची शिल्लक दोन महिने तशीच राहते.

३. आमची सुट्टी आणि त्यांचा प्रवास एकत्र येतो तेव्हा

दिवाळीत गोंधळ होतो तो इथे. एका मुलाचं उदाहरण घेऊ. ५२ डबे घेतल्यापासूनचे पहिले सव्वीस कामाचे दिवस मोजायला घेतले. त्यात दिवाळीचे चार दिवस स्वयंपाकघर बंद, म्हणजे आठ डबे आम्ही दिलेच नाहीत. त्याच्या आधी पाच दिवस तो गावी गेला, म्हणजे दहा डबे. पण त्याचा निरोप आला रात्री साडेनऊला, सातनंतर. त्यामुळे दुसऱ्या दिवशीचा दुपारचा एक डबा गेला आणि नऊ धरले. प्रत्यक्षात त्याने खाल्ले चौतीस. चौतीस आणि गेलेला एक मिळून पस्तीस झाले, शिल्लक सतरा. पंच्याहत्तरच्या दराने १,२७५ रुपयांचं जेवण. तारखेप्रमाणे महिना धरणाऱ्याकडे यातले निदान आठ डबे नुसते हवेत जातात, आणि त्यावर कार्डात एक ओळही नसते. आमच्याकडे त्याचा पुढचा हप्ता साडेआठ दिवस उशिरा आला. त्या एका गेलेल्या डब्याबद्दल त्याने घातलेला वाद मात्र बराच चालला.

आमच्या सुट्ट्या वर्षाच्या सुरुवातीलाच छापून देते: दिवाळी, गौरीजेवणाचा दिवस, धुळवड. मदतनीस बायकांच्या गावच्या जत्रेचे दोन दिवसही त्यात धरलेत. मुंबईचे डबेवालेही एप्रिलच्या सुमारास गावच्या यात्रेसाठी काही दिवस काम बंद ठेवतात आणि गिऱ्हाइकाला ते आधीच ठाऊक असतं. आधी सांगितलेल्या सुट्टीवर कुणी रागावत नाही.

उपासाचं वेगळं ठरवावं लागतं. एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र या दिवशी उपासाचा डबा हवा असेल तर भगर, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी. त्याला दहा रुपये जास्त, आणि तो खाडा नसून त्याच ५२ पैकी एक डबा. नको असेल तर सातच्या आत कळवायचं. उपासाला एका दिवसाचा खाडाही आम्ही धरतो, दोन दिवसांची अट तिथे नाही. संकष्टीला एक आजोबा चंद्रोदयानंतर जेवतात. कधी नऊ वाजतात, कधी त्याहून उशीर. त्यांचा डबा शेवटच्या फेरीत टाकला तरी साडेआठला पोचतो. नऊनंतर गाडी निघत नाही, हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते आमटी स्वतः गरम करून घेतात.

४. वेळ म्हणजे पाऊण तास

‘साडेबाराला डबा’ असं लिहिणाऱ्याने आपल्या मुलाबरोबर एकदा गाडीवर फिरून यावं. एका फेरीत पंधरा-सोळा घरं. गेटवर नोंद, लिफ्टची वाट, बेल, कालचा रिकामा डबा घेणं, सगळं धरून एका घराला तीन मिनिटं सहज. पहिल्या घरी सव्वाबाराला पोचला तर शेवटच्या घरी एक वाजणारच. म्हणून कार्डावर ‘सव्वाबारा ते एक’ असं लिहावं आणि एकच्या पुढे अर्धा तास सवलत धरावी. दीडनंतर पोचलेला डबा आम्ही मोजत नाही, तो खाल्ला तरी शिलकीतून कमी होत नाही. ही अट गिऱ्हाइकाच्या बाजूची दिसते, पण तिच्यामुळे आमच्या फेऱ्या वेळेत निघू लागल्या. एकच माणूस रोज उशिराची तक्रार करत असेल तर बहुधा तो ओळीत शेवटचा असतो. फेरीचा क्रम आठवड्याला उलटा केला की तक्रार थांबते.

विसर्जनाच्या दिवशी मध्यवस्तीतले रस्ते बंद, पालख्या शहरात येतात तेव्हाही तेच. त्या दिवशी दुपारचा डबा अकराच्या आत आणि रात्रीचा बंद, हे सुट्ट्यांच्या यादीतच लिहिलेलं असतं.

घेणाऱ्याचीही बाजू आहे. फोन उचलला नाही तर मुलगा पाच मिनिटं थांबतो आणि डबा वॉचमनकडे ठेवतो. तो डबा दिला असंच धरलं जातं. आमटी-भाताचा डबा उन्हाळ्यात चारपर्यंत तिथे पडला आणि आंबला, तर त्याची जबाबदारी आम्ही घेत नाही. वेळेत हातात पडलेला डबा खराब निघाला तर तासाभरात फोटो पाठवायचा. आमटीला आंबूस वास, वर फेस, भात बोटांना चिकट, एवढं पुरेसं आहे. मी वाद घालत नाही, डबा परत शिलकीत टाकते आणि लगेच त्याच पातेल्यातून गेलेल्या बाकीच्यांना फोन करते.

५. पैसे परत देताना दोन दर

मध्येच डबा सोडणाऱ्याला किती परत द्यायचे? आमचा सुटा डबा नव्वदला आहे. कुणी वीस डबे खाऊन नोकरी लागली म्हणून गेला, तर वीस डबे सुट्या दराने धरायचे, १,८०० रुपये, परत २,१००. महिन्याची सवलत पूर्ण ५२ साठी होती, म्हणून हे मला योग्य वाटतं. पण चूक आमची असेल, म्हणजे सतत उशीर, जेवण बिघडणं किंवा आम्हीच डबे बंद करणं, तर पंच्याहत्तरचाच दर. वीस डब्यांचे १,५००, परत २,४००.

सुट्या दराच्या हिशोबात एक खोच आहे. त्रेचाळीस डब्यांचे ३,८७० होतात, चव्वेचाळीसचे ३,९६०. म्हणजे चव्वेचाळिसाव्या डब्यापुढे सोडणाऱ्याला काहीच परत मिळत नाही, आठ डबे शिल्लक असूनही. तिथे पैशांऐवजी ते डबे कुणा मित्राच्या नावावर करून द्यावेत. मुलं ते आनंदाने घेतात, पैसेही आपसात ठरवतात.

‘कोणत्याही कारणाने पैसे परत मिळणार नाहीत’ असं छापून मोकळं होणारे आहेत. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष सेवा बंद करून पैसे परत द्यायला नकार देणं ही अनुचित प्रथा मानली आहे, आणि बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ती तीस दिवसांची धरली जाते. आम्ही सात दिवस लिहितो आणि ज्या खात्यातून पैसे आले त्याच खात्यात परत करतो.

६. डब्याची अनामत

प्रत्येक मेंबरमागे दोन डबे फिरतात, एक घरी, एक आमच्याकडे. अनामत वेगळी घ्यावी, जेवणाच्या हिशोबात मिसळू नये. डबा परत आला की ती पूर्ण परत. झाकण हरवलं तर झाकणाचेच पैसे कापावेत, सगळ्या डब्याचे नव्हेत. गावी जाणाऱ्याने निघण्याआधी रिकामा डबा द्यायचा, तोही धुऊन. दिवाळीच्या सुट्टीत खोलीत बंद राहिलेला डबा नुसत्या साबणाने निघत नाही. सोडा घालून उकळावा लागतो आणि त्याचे पैसे अजून कुणाकडून मागितलेले नाहीत.