आकडा का हलत नाही?

समजा, पुण्यातील विसर्जन मिरवणुकीची 40 छायाचित्रे आणि 1 व्हिडिओ तुम्ही संगणकावरून क्लाउडवर पाठवीत आहात. पडद्यावर ‘बाकी 41’ असे दिसते आणि तो आकडा तासभर हलत नाही. असे का व्हावे?

हा आकडा फायलींची संख्या सांगतो, त्यांचा आकार नव्हे. प्रत्येक छायाचित्र 4 मेगाबाइटचे व व्हिडिओ 1,800 मेगाबाइटचा धरू. पाठवण्याचा वेग सेकंदाला 4 मेगाबिट असेल, तर 8 बिटांचा एक बाइट या हिशेबाने तो सेकंदाला अर्धा मेगाबाइट झाला. म्हणजे एका छायाचित्राला 8 सेकंद पुरतात, पण व्हिडिओला 3,600 सेकंद, म्हणजे पुरा एक तास लागतो! व्हिडिओ रांगेत पहिला असेल, तर तासभर आकडा 41च राहील. पुढची 40 छायाचित्रे मात्र 320 सेकंदांत संपतील.

मग काम अडले आहे, हे कसे ओळखावे? संगणकाचा पाठवण्याचा वेग पाहा. तो शून्याजवळ असेल, तर जोडणी आणि क्लाउडवरील शिल्लक जागा तपासा. वेग आहे, पण दोन तासांनीही आकडा तोच आहे, तर एखादी फाइल सतत बदलत असावी. प्रत्येक बदलानंतर ती पुन्हा रांगेत उभी राहते. ती बंद करा आणि आकडा पुन्हा पाहा.