हातातला कप बदलताना

“हातातला कप तेवढा बदलून द्या” अशी मागणी घेऊन गिऱ्हाईक आलं, की आधी कप नको, हात नीट बघा. जाहिरातींचे फोटो दुरुस्त करताना माझ्याकडे अशी बरीच कामं दुसरीकडून फिरून येतात, आणि त्यातली बहुतेक एकाच जागी फसलेली असतात.

एका अमृततुल्यवाल्याचं काम उदाहरण म्हणून सांगतो. फोटोतल्या मुलाच्या हातात पांढरा कागदी कप होता, मालकांना तिथे कुल्हड हवा होता. काम एकदा झालेलं होतं. बोटं कापून कुल्हडावर आणलेली होती, कडाही स्वच्छ होत्या. तरी मालक म्हणाले, “साहेब, त्याने धरलाय असं वाटतच नाही.” त्यांचं खरं होतं.

पहिली गडबड मापाची होती. बोटांची पकड आधीच्या कपाच्या जाडीवर बेतलेली असते आणि फोटोत ती बदलता येत नाही. म्हणून नवी वस्तू लहान-मोठी करताना तिची उंची किंवा तोंड बघू नका. बोटं जिथे टेकतात त्या उंचीवर तिची रुंदी जुन्या कपाइतकी करा. इथे कुल्हड रुंद ठेवल्यामुळे तळहाताचा भाग झाकला गेला होता आणि बोटं त्यात रुतल्यासारखी दिसत होती. पोट सुटलेला कुल्हड बदलून मी सरळ अंगाचा घेतला. तो बुटका असल्याने वर जुन्या कपाचा तुकडा उरला, तिथे मागचा सदरा भरून घेतला. काठाचा लंबगोलही जुन्या कपाइतकाच उघडा हवा, नाहीतर कप वरून आणि हात समोरून टिपल्यासारखा दिसतो.

दुसरी गोष्ट थरांची. सगळ्यात खाली मूळ फोटो, त्यावर नवा कुल्हड, त्यावर फक्त पुढची बोटं. बोटांची कड पेन टूलने काढा आणि रेघ कातडीच्या किंचित आत ठेवा. बाहेर गेली तर कागदी कपाची पांढरी किनार बोटाला चिकटून येते. निवड करताना Feather अर्धा ते एक पिक्सेल पुरतो. मग Ctrl+J करून बोटं वेगळ्या लेयरवर घ्या आणि तो सगळ्यात वर न्या.

खरी मेख मात्र सावलीत होती. आधीच्या माणसाने बोटांखाली काळ्या ब्रशने सावली रंगवली होती, सगळीकडे सारख्या जाडीची. खरी सावली बोट टेकतं तिथे बारीक आणि गडद असते, आणि उजेडाच्या विरुद्ध बाजूला पसरत फिकी होत जाते. ती हाताने जमवणं कठीण, पण ती जुन्या पांढऱ्या कपावर आयती पडलेली होती! मूळ फोटोतला कपाचा भाग कॉपी करून कुल्हडाच्या वर आणि बोटांच्या खाली ठेवला, रंग काढून टाकला आणि मोड Multiply केला. मग Levels मधला पांढरा काटा आत सरकवला. कागदाचा पांढरेपणा निघून गेला आणि बोटांच्या सावल्या तेवढ्या कुल्हडावर उरल्या. लेयर कुल्हडालाच क्लिप केला, म्हणजे सावली बाहेर सांडत नाही. कपावर छापील नाव असेल तर तेही सावलीसोबत येतं, ते आधी पुसा. जुनी वस्तू गडद असेल तर ही युक्ती चालत नाही. तेव्हा ब्रशच घ्यावा लागतो, पण रंग काळा नको, बोटांच्या बेचक्यातला गडद तांबूस तपकिरी उचला.

शेवटचं राहतं ते उजेडाचं. पांढरा कप शेजारच्या कातडीवर उजेड फेकतो, माती तेवढा फेकत नाही. म्हणून बोटांच्या आतल्या कडा Curves ने थोड्या उतरवल्या आणि Color मोडमध्ये अगदी हलका मातकट रंग दिला. एवढं झाल्यावर फोटो आडवा उलटून आणि काळा-पांढरा करून बघा. जिथे नजर अडते तिथे चूक असते, आणि बहुधा ती सावलीची असते.

दोन कामं मात्र फोटो पुन्हा काढल्याशिवाय घेऊ नका. एक, काचेचा ग्लास, कारण त्यातून मागची बोटं दिसायला हवीत आणि जुन्या कपाआड ती फोटोत आलेलीच नसतात. दुसरं, कानाचा कप. त्याच्या कानात बोट अडकतं आणि पकडच निराळी होते. पुन्हा काढलेल्या फोटोत तोच माणूस नसला तरी चालेल, पण हात त्याच अंगाचा, उजेड त्याच बाजूचा आणि कॅमेरा त्याच उंचीवर हवा, हे गिऱ्हाइकाला काम घेतानाच सांगून ठेवा.