राबाचे कुंपण आणि चिन्हांचा तक्ता

शहापूर-मुरबाड भागात भाताची रोपे आधी राबात वाढवतात. गुरे शिरू नयेत म्हणून समजा एका आयताकृती राबाला २८ मीटर कुंपण घालायचे आहे, आणि आत निदान ४० चौरस मीटर जागा हवी. एक बाजू किती ठेवावी?

एक बाजू क्ष मीटर धरली तर दुसरी १४ − क्ष. म्हणून क्ष(१४ − क्ष) ≥ ४०. सर्व पदे एका बाजूस आणून अवयव पाडले की

(क्ष − ४)(क्ष − १०) ≤ ०

येथे पुष्कळ विद्यार्थी घाईने "क्ष ≤ ४ किंवा क्ष ≤ १०" असे लिहून मोकळे होतात. पण क्ष = ३ घेतल्यास क्षेत्रफळ ३ × ११ = ३३ च भरते! गुणाकार ऋण केव्हा होतो हे दोन्ही अवयवांची चिन्हे मिळूनच ठरवतात. संख्यारेषेवर ४ आणि १० मांडा. तिचे तीन भाग पडतील.

| | क्ष < ४ | ४ < क्ष < १० | क्ष > १० |
|---|---|---|---|
| क्ष − ४ | − | + | + |
| क्ष − १० | − | − | + |
| गुणाकार | + | − | + |

ऋण चिन्ह फक्त मधल्या भागात आहे. ४ व १० या टोकांना गुणाकार शून्य होतो, तोही चालतो. म्हणून ४ ≤ क्ष ≤ १०.

मात्र चिन्ह दर वेळी बदलतेच असे नाही. ४९ चौरस मीटर मागितले तर (क्ष − ७)² ≤ ० येते. वर्ग ऋण नसतो, म्हणून क्ष = ७ एवढेच उत्तर. आणि ५० मागितले तर? (क्ष − ७)² + १ ≤ ० हे अशक्यच. तेवढ्या कुंपणात तसा आयत बसत नाही.