नोकरी सोडण्याआधी विम्याचे कागद बघ

नाशिक

चि. सायली हिस,


दोन्ही कंपन्यांची पत्रं नीट वाचली. सध्याची कंपनी पगार वाढवून वर्षाला १२ लाख द्यायला तयार आहे, नवी कंपनी १२ लाख ४० हजार देते. "चाळीस हजार जास्त मिळतायत, मग अडायचं कशाला?" असं तू विचारलंस. मी इतकी वर्षं विम्याच्या क्लेम विभागात काढली, म्हणून माझी नजर आधी गेली ती दोन्ही पत्रांतल्या आरोग्यविम्याच्या ओळीवर.

सध्याच्या कंपनीत तुम्हा तिघांना मिळून ५ लाखांचं संरक्षण आहे: तू, ताई आणि भाऊजी. नव्या कंपनीतही आकडा ५ लाखांचाच, पण त्यात कर्मचारी, जोडीदार आणि मुलं एवढेच. आई-वडील नाहीत. तुझं वय आणि तब्येत बघता तुला स्वतःला विमा कुठेही सहज मिळेल. प्रश्न भाऊजींचा आहे. त्यांना साठी उलटून गेली, मधुमेह जुना आहे आणि आता डोळ्यांत मोतीबिंदू.

कंपनीच्या गटविम्याची खरी किंमत इथेच कळते. सीटीसीत विम्यापोटी दहा-पंधरा हजार लिहिलेले असतात, तो झाला कंपनीचा खर्च. तुझ्यासाठी मोलाची गोष्ट वेगळी आहे. भाऊजींची तपासणी न करता, मधुमेह आहे म्हणून नाक न मुरडता, पहिल्या दिवसापासून त्यांना संरक्षण मिळालं. बहुतेक कंपन्यांच्या गटविम्यात जुन्या आजारांचा प्रतीक्षा कालावधी माफ केलेला असतो. तेच भाऊजी बाजारात स्वतंत्र पॉलिसी घ्यायला गेले, तर पहिले ३० दिवस अपघात सोडून काही मिळत नाही, मोतीबिंदू-हर्नियासारख्या ठरावीक आजारांना बहुधा २ वर्षं थांबावं लागतं आणि मधुमेहासारख्या आधीच्या आजाराला जास्तीत जास्त ३ वर्षं. ही मर्यादा आधी ४ वर्षं होती. विमा नियामकाने ती २०२४ मध्ये कमी केली. शिवाय विमा कंपनी प्रीमियम वाढवून मागू शकते किंवा सरळ नाही म्हणू शकते.

म्हणून हिशेब असा कर. ताई-भाऊजींच्या वयाला आणि आजाराला धरून ५ लाखांच्या पॉलिसीचा प्रीमियम दोन-तीन ठिकाणी विचार. समज, दोघांचा मिळून ५५ हजार सांगितला. मग नव्या कंपनीचे जास्तीचे ४० हजार, तेही कर कापायच्या आधीचे, त्यातच संपले. वर थांबण्याची वर्षं आहेतच.

मात्र सध्याच्या विम्यालाही भरमसाट किंमत लावू नकोस. तुझ्या पॉलिसीत पालकांच्या क्लेमवर २० टक्के को-पे आहे. ३ लाखांचं बिल झालं, तर ६० हजार घरचे जातात. ५ लाख हे तिघांत मिळून आहेत, म्हणजे एका वर्षी ताईंचं मोठं ऑपरेशन झालं तर भाऊजींसाठी उरेल तेवढंच. आणि हा करार तुझा नाही, कंपनीचा आहे. तो दरवर्षी नव्याने होतो. पुढच्या वर्षी खर्च वाढला म्हणून कंपनीने पालकांना वगळलं, तर तुला विचारायला ती बांधील नाही.

आता सोडण्याबद्दल. तू राजीनामा दिलास तरी नोटीस काळात विमा चालू राहतो, कारण तू अजून नोकरीत असतेस. कामाचा शेवटचा दिवस संपला की एचआर तुझं नाव विमा कंपनीला कळवून यादीतून काढतं. महिनाअखेरपर्यंत किंवा पॉलिसीचं वर्ष संपेपर्यंत संरक्षण मिळेल, हा अनेकांचा गैरसमज आहे. तू मनात धरलेला शेवटचा दिवस १४ ऑगस्ट आणि नवी नोकरी १ सप्टेंबरला. मधले १७ दिवस तुम्हा तिघांपैकी कोणाकडेही काही नाही. १ तारखेनंतर तुझी सोय होईल, ताई-भाऊजींची नाही.

यावर एक रस्ता आहे आणि फार थोडे लोक त्याने जातात. गटविम्यातल्या सदस्याला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं. त्याला मायग्रेशन म्हणतात. त्यात गटविम्यात काढलेली वर्षं प्रतीक्षा कालावधीतून वजा होतात, पण आधीच्या विमा रकमेइतकीच. भाऊजी तुझ्या गटविम्यात २ वर्षं आहेत. म्हणजे ५ लाखांपर्यंत मोतीबिंदूसारख्यांची २ वर्षं भरली आणि मधुमेहाचं फक्त १ वर्ष उरलं. नवी पॉलिसी कोरी घेतली असती, तर घड्याळ शून्यापासून सुरू झालं असतं.

याच्या मर्यादाही समजून घे. प्रीमियम गटाचा राहत नाही, वयाप्रमाणे बाजारभावाने लागतो. विमा कंपनी तब्येतीची छाननी करू शकते आणि नकारही देऊ शकते. म्हणून उत्तर हातात येईपर्यंत राजीनाम्याची तारीख पक्की करू नकोस. अर्ज नोकरीत असतानाच कर. सोडल्यावर खंड पडला की मागची वर्षं धरून घ्यायला सांगणं कठीण होतं. अर्जात भाऊजींचा मधुमेह, त्यांच्या गोळ्या, सगळं स्पष्ट लिही. ५ वर्षं सलग भरल्यावर माहिती लपवल्याचं कारण देऊन विमा कंपनी क्लेम नाकारू शकत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. त्याआधी मात्र लपवलेली एक गोळी क्लेम बुडवू शकते.

एचआरकडून एक पत्र लेखी घे: विमा कंपनीचं नाव, पॉलिसी क्रमांक, तिघांची नावं, प्रत्येकाचं संरक्षण कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि विमा रक्कम. टीपीएचं पोर्टल ऑफिसच्या ईमेलने उघडतं आणि तो ईमेल शेवटच्या संध्याकाळी बंद होतो. ई-कार्ड, जुन्या क्लेमची कागदपत्रं आधीच उतरवून ठेव आणि बाकी राहिलेली बिलं तिथूनच भर. डॉक्टरांनी मोतीबिंदूचं ऑपरेशन आता करायला हरकत नाही असं सांगितलं असेल, तर ते १४ ऑगस्टच्या आत उरकून घ्या. गटविम्यात मोतीबिंदूला बहुधा प्रत्येक डोळ्यामागे रकमेची मर्यादा असते, ती आधी विचारून घे.

आणि तुझ्या स्वतःच्या नावाने एक पॉलिसी याच महिन्यात घे, नव्या कंपनीचा विमा असला तरी. वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला आहे. तुझी वर्षं आत्तापासून मोजली जाऊ लागतील आणि पुढे कितीही नोकऱ्या बदलल्यास तरी ती तुझ्याकडेच राहतील. गटविम्याच्या भरवशावर फक्त ५ लाखांच्या वरचा सुपर टॉप-अप घेऊ नकोस. गटविमा गेला की खालचे ५ लाख तुझ्या खिशातून जातात.

नवी नोकरी जरूर घे, काम चांगलं आहे. पण भाऊजींची पॉलिसी हातात आल्याशिवाय राजीनाम्यावर सही करू नकोस, आणि त्या पॉलिसीचा प्रीमियम नव्या कंपनीशी पगाराचं बोलताना उघडपणे मांड.

तुझा,
मामा