भ्रमणध्वनीवरील संभाषण न्यायालयात सादर करताना

मालवण किनाऱ्यावर मासळीचा व्यवहार आता पुष्कळदा व्हॉट्सॲपवरच ठरतो. समजा, एका नौकामालकाने व्यापाऱ्यास हंगामभर सुरमई व बांगडा पुरविला. वजन, दर आणि ‘राहिलेले ८४,५०० रुपये गणपतीनंतर देतो’ हे आश्वासन, सारे काही संदेशांतच आहे. वसुलीच्या दाव्यात या संदेशांची केवळ छापील प्रत जोडून भागेल काय? भागणार नाही. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३(४) अन्वये अशा प्रतीसोबत विहित नमुन्यातील प्रमाणपत्र द्यावे लागते.

ही अट किती कठोर आहे, हे जालन्याच्या एका खटल्यावरून दिसून येते. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी विजयी झाले. त्यांचे नामनिर्देशनपत्र मुदतीनंतर दाखल झाले, असा कैलास गोरंट्याल यांचा आक्षेप होता. पुरावा होता निवडणूक कार्यालयातील चित्रफितीचा. पण वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिले नाही. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, प्रमाणपत्र अनिवार्य आहे. तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही. मात्र संबंधिताने ते नाकारल्यास पक्षकाराने न्यायालयाकडे अर्ज करून ते मागवावे. हा निर्णय पूर्वीच्या कायद्याच्या कलम ६५-ब वर असला, तरी नव्या कलमाचा मूळ विचार तोच आहे.

प्रत कशी तयार करावी

नौकामालकाने प्रथम मूळ फोन जपून ठेवावा. संदेश आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू असल्यास ती बंद करावी. नंतर त्या संभाषणाच्या सूचीतील `Export chat` हा पर्याय वापरून संपूर्ण संभाषणाची फाइल काढावी. सोयीचे तेवढेच संदेश निवडू नयेत. या फाइलमध्ये अनेकदा व्यापाऱ्याचा क्रमांक न येता फोनमध्ये साठविलेले नाव येते. म्हणून त्याचा क्रमांक दाखविणाऱ्या पानाचे आणि महत्त्वाच्या संदेशांचे, तारखेसह, पडदाचित्रही घ्यावे.

फाइल संगणकावर घेतल्यावर, छपाईपूर्वी, तिचे हॅश मूल्य काढावे. विंडोज संगणकावर त्यासाठी पुढील आज्ञा चालते:

```
certutil -hashfile chat.txt SHA256
```

उत्तरादाखल चौसष्ट अक्षरांकांची एक ओळ मिळते. हा त्या फाइलचा जणू अंगठ्याचा ठसाच होय. फाइलमधील एक स्वल्पविराम जरी बदलला, तरी ही ओळ बदलते. नेमकी येथेच चूक घडते. कोणी फाइल उघडून अक्षर मोठे करतो, नावे दुरुस्त करतो आणि ती पुन्हा जतन करतो. मग प्रमाणपत्रातील मूल्य व न्यायालयात दिलेली फाइल जुळत नाहीत. सबब मूळ फाइल पेनड्राइव्हवर जशीच्या तशी ठेवावी आणि तिच्या वेगळ्या नकलेवरून छपाई करावी. पडदाचित्रांच्या फाइलींचे मूल्यही याच रीतीने काढावे.

प्रमाणपत्राचे दोन भाग

पहिला भाग नौकामालकाने स्वतः भरावयाचा आहे. त्यात फोनची बनावट, रंग व आयएमईआय क्रमांक (फोनवर `*#06#` दाबले असता तो दिसतो), फोन आपल्या ताब्यात असून त्या काळात नीट चालत होता हे कथन, हॅश मूल्य, दिनांक, वेळ व सही असते. हॅशचा अहवाल सोबत जोडावा. मुलाच्या फोनवर पाठविलेल्या पडदाचित्रांवरून छपाई केली, तर प्रमाणपत्र एका फोनचे आणि प्रत दुसऱ्या फोनची, असा घोळ होतो.

दुसरा भाग तज्ज्ञाने भरावयाचा आहे. हा तज्ज्ञ कोण, याची व्याख्या या कलमात नाही. म्हणून संगणकविषयक शिक्षण असलेली आणि उलटतपासणीस उभी राहू शकेल अशी व्यक्ती वकिलांच्या सल्ल्याने निवडावी.

प्रमाणपत्राची मर्यादा

प्रमाणपत्रामुळे प्रत पुराव्यात दाखल होऊ शकते; मजकूर खरा ठरतोच असे नाही. ‘तो संदेश मी लिहिलाच नाही’ असे व्यापारी म्हणाल्यास, तो क्रमांक त्याचाच आहे हे अन्य मार्गाने दाखवावे लागते. त्याच क्रमांकावरून पूर्वी आलेली रक्कम दाखविणारा बँकेचा उतारा येथे उपयोगी पडतो.

ग्रामपंचायत, शाळा वा कार्यालय यांच्या संगणकातील वा कॅमेऱ्यातील नोंद नागरिकाला पुरावा म्हणून हवी असते, तेव्हा प्रमाणपत्रावर सही करण्याचे काम त्या यंत्राचा कारभार पाहणाऱ्याकडे येते. जालन्यात ती सही न मिळाल्यामुळे एक प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, हे अशा वेळी स्मरणात असावे.