नाव आधी की आद्याक्षरे?

प्रश्न : मी भिंगारची. कृषी विद्यापीठात पावसावरच्या बाजरी आणि राळ्याच्या रोपसंख्येवर पदव्युत्तर अभ्यास करते आहे. अभ्यासाला छोटे नाव हवे म्हणून शीर्षकाच्या प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर घेतले, तर होणारे नाव उच्चारता येत नाही. शीर्षकच बदलू का?
— एक विद्यार्थिनी, भिंगार

उत्तर : ताई, त्यासाठी अख्खे शीर्षक बदलायची गरज नाही. प्रत्येक शब्द घ्यावाच लागतो, हा गैरसमज आहे. हैदराबादजवळच्या 'इक्रिसॅट'च्या इंग्रजी नावातले 'फॉर' आणि 'द' हे शब्द आद्याक्षरांत नाहीत. म्हणून तर नाव सहज जिभेवर बसते.

तुमचे शीर्षक असे मांडता येईल : 'पावसावरील भरडधान्यांच्या रोपसंख्येचा अभ्यास : बाजरी व राळा'. त्यातून पा, भ, रो निघतात. 'रो'चा ओकार सोडला की 'पाभर'! पेरणीचेच अवजार असल्याने शेतकऱ्याला ते सांगावे लागणार नाही. मराठीत अक्षराबरोबर स्वर येतो, त्यामुळे इंग्रजीसारखी नुसत्या व्यंजनांची अडगळ होत नाही. एखादी मात्रा सोडलेली चालते. पण शब्द जुळावा म्हणून शीर्षकात न केलेले काम घुसडू नका.

धोका एकच. नुसते 'पाभर' वाचून कोणी अवजाराचा अभ्यास समजेल. म्हणून प्रबंधात पहिल्यांदा पूर्ण शीर्षक, मग कंसात 'पाभर' लिहा. उलट 'कोरडवाहू बाजरी'चे 'कोबा' केले असते, तर लोकांनी फरशीचे काम विचारले असते!

मार्गदर्शकांना विचारा, आणि मंजूर आराखड्यातले शीर्षक त्यांच्या संमतीशिवाय हलवू नका. नंतर फोनवरून एखाद्या शेतकऱ्याला नाव सांगून ते परत म्हणायला लावा. अडखळला, तर दुसरे शोधा.