घशात पांढरे ठिपके: फोटो किती सांगतो आणि किती नाही
(आरोग्य पाठ : पाड्यांवरील आरोग्यसेविका, आशाताई आणि आश्रमशाळांच्या अधीक्षकांसाठी)

पेठ रस्ता आणि दिंडोरी रस्ता दोन्ही पंचवटीतच शहरात शिरतात, त्यामुळे त्या बाजूच्या पाड्यांतले रुग्ण आधी आमच्या दवाखान्याच्या दारात येतात. आता रुग्णाच्या आधी त्याचा फोटो येतो. पावसाळा सरत आला की मोबाइलवर घशांचे फोटो सुरू होतात, आणि खाली बहुतेक वेळा एकच ओळ असते : "डॉक्टर, टॉन्सिलवर पांढरे आहे, गोळ्या सुरू करू का?" या पाठात मी त्या प्रश्नाचे उत्तर कसे शोधतो ते सांगणार आहे. म्हणजे फोटोसोबत काय लिहून पाठवायचे, हे तुम्हालाही कळेल.

आधी मूळ गोष्ट. सुजलेल्या टॉन्सिलवरचे पांढरे ठिपके म्हणजे जंतूंचा पू आणि पू म्हणजे अँटिबायोटिक, असा आपला समज असतो. तो बरोबर नाही. हे पांढरे म्हणजे मेलेल्या पेशी आणि सुजेतून पाझरलेला द्रव. विषाणूंमुळेही ते तसेच साचते. सर्दीतापाचा अॅडेनो विषाणू लहान मुलांच्या टॉन्सिलवर हुबेहूब तसे ठिपके आणतो. वयात येणाऱ्या मुलामुलींमध्ये ग्रंथीज्वराचा विषाणू तर सगळा टॉन्सिल पांढरा करून टाकतो. विषाणूंवर अँटिबायोटिकचा काहीही उपयोग होत नाही. ग्रंथीज्वरात अमॉक्सिसिलिन दिले तर अनेकदा अंगभर पुरळ उठते, आणि घरचे म्हणतात, "औषध बाधले."

मग जंतूंची एवढी काळजी का? कारण त्यांतला एक, 'अ' गटाचा स्ट्रेप्टोकोकस, घसा बरा झाल्यावरही त्रास देतो. तो घशात येऊन गेल्यानंतर साधारण दोन ते चार आठवड्यांनी काही मुलांना सांधेताप येतो. सांधे सुजतात आणि हृदयाच्या झडपा खराब होतात. हे मुख्यत्वे ५ ते १५ वर्षांच्या मुलांमध्ये दिसते, आणि जिथे एका खोलीत पुष्कळ मुले दाटीने झोपतात तिथे हा जंतू एकाकडून दुसऱ्याकडे सहज जातो. आश्रमशाळेच्या वसतिगृहातला घसा म्हणूनच मी जास्त लक्ष देऊन पाहतो.

फोटो कसा काढावा

मुलाला आधी साध्या पाण्याने चूळ भरायला सांगा. दूध, भात किंवा भाकरीचा कण टॉन्सिलच्या खाचेत अडकला तर फोटोत तो ठिपकाच दिसतो. मुलाला दाराच्या उजेडात बसवा. पिवळ्या बल्बखाली सगळा घसा पिवळट दिसतो, तर मोबाइलचा फ्लॅश जवळून मारला की ओल्या घशावरची थुंकी चमकून पांढरी दिसते. म्हणून दुसऱ्या कोणाला तरी बाजूने बॅटरी धरायला सांगा. चमच्याच्या दांड्याने जीभ हलकेच खाली दाबा, मुलाला "आ" म्हणायला लावा आणि एक वीत अंतरावरून तीन-चार फोटो काढा. त्यांतले स्पष्ट असे दोन पाठवा. आईवडिलांना विचारून घ्या आणि डोळे फोटोत येऊ देऊ नका.

एक अपवाद आहे. मुलाच्या तोंडातून लाळ गळत असेल, तोंड उघडत नसेल किंवा श्वास घेताना घरघर वाजत असेल, तर फोटो काढू नका आणि चमचाही घालू नका. त्याला बसलेल्या स्थितीतच ठेवून १०८ ला फोन करा.

दोन फोटो, दोन मुले

एकाच आठवड्यात आलेले दोन फोटो उदाहरण म्हणून घेऊ. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

पहिला फोटो पाड्यावरच्या चार वर्षांच्या मुलाचा. दोन्ही टॉन्सिल मोठे, लालभडक, त्यांवर पांढरे पट्टे. बघताच भीती वाटावी असा. दुसरा आश्रमशाळेतल्या नऊ वर्षांच्या मुलीचा. टॉन्सिल सुजलेले, पण ठिपके मोजून पाच-सहा. नुसत्या फोटोवरून कोणीही म्हणेल की मुलाचे दुखणे जास्त, औषध त्याला आधी हवे.

मी दोन्हीकडे सेविकेला फोन करून तेच पाच प्रश्न विचारले. ताप थर्मामीटरवर १००.४ च्या वर आहे का? खोकला आहे की नाही? जबड्याच्या कोनाखाली, मानेच्या पुढच्या बाजूला दुखऱ्या गाठी हाताला लागतात का? टॉन्सिल सुजलेत किंवा त्यांवर पांढरे आहे का? वय किती? यांतले पहिले चार प्रश्न अमेरिकेतल्या डॉ. रॉबर्ट सेंटर यांनी १९८१ मध्ये मोठ्या माणसांचे घसे तपासून मांडले, आणि कॅनडाच्या डॉ. मॅकआयझॅक यांनी १९९८ मध्ये त्यांत वयाची भर घातली. ताप, खोकला नसणे, दुखऱ्या गाठी आणि टॉन्सिलची सूज किंवा पांढरे या प्रत्येकाला एक गुण. वय ३ ते १४ असेल तर आणखी एक गुण, ४५ किंवा त्याहून जास्त असेल तर एक गुण वजा.

पाहा, पाच प्रश्नांपैकी फोटो फक्त एकाचे उत्तर देतो. बाकीची चार तुमच्या हातात, कानात आणि थर्मामीटरमध्ये आहेत.

मुलीला ताप १०२, खोकला नाही, नाक कोरडे, दोन्ही बाजूंना गाठी, दाबले की ती कळवळते. दुखणे काल अचानक सुरू झाले, पाणी गिळतानाही दुखते. पाचपैकी पाच गुण. शिवाय तिच्या टाळूवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके होते. हे चिन्ह स्ट्रेप्टोकोकसकडे झुकणारे आहे, पक्के मात्र नाही.

मुलाला ताप १०१, पण खोकला आहे, नाक वाहते आहे, डोळे लाल आणि पाणावलेले, आवाज बसलेला. गाठी दुखत नाहीत. गुण भरतात तीन : ताप, टॉन्सिल आणि वय. पण गुणांची बेरीज इथे संपत नाही. वाहते नाक, लाल डोळे, बसलेला आवाज, तोंडातले फोड ही सगळी विषाणूची खूण आहे. स्ट्रेप्टोकोकस सहसा घशापुरताच राहतो, तो नाक आणि डोळे एकदम धरत नाही. म्हणून ज्याचा फोटो भयंकर दिसत होता, त्याला अँटिबायोटिक दिले नाही. वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, कोमट पाणी, पातळ पेज, आणि तीन दिवसांनी पुन्हा पाहणे, एवढेच सांगितले.

पाच गुण म्हणजे खात्री नव्हे

मुलीला लगेच औषध सुरू करायचे का? पाच गुण असलेल्या शंभर मुलांच्या घशाची तपासणी केली तर साधारण निम्म्यांनाच स्ट्रेप्टोकोकस सापडतो. म्हणजे पूर्ण गुण मिळूनही नाणे उडवण्याइतकीच खात्री. उरलेली शंका घशातला स्राव कापसाच्या काडीवर घेऊनच मिटते. झटपट चाचणीचा निकाल पंधरा मिनिटांत येतो, जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीला एक-दोन दिवस लागतात.

एवढे थांबले तर चालते का? चालते. दुखणे सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत योग्य औषध सुरू झाले तरी सांधेताप टळतो. तेव्हा मूल पाणी पीत असेल, श्वास नीट असेल, तर तपासणीसाठी एक-दोन दिवस हातात आहेत. ज्या दुर्गम पाड्यावरून तपासणी होणारच नाही आणि मूल पुन्हा भेटण्याची शाश्वती नाही, तिथे चार-पाच गुणांवर औषध द्यायचे का, हे प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी ठरवतील. ते तुम्ही ठरवायचे नाही.

मुलीच्या तपासणीत जंतू सापडला. पूर्वी पेनिसिलिनची बाधा झाली नव्हती, हे विचारून घेतले आणि दहा दिवसांचे अमॉक्सिसिलिन सुरू केले. पहिले चोवीस तास तिला वेगळ्या खाटेवर ठेवले, पेला-ताट वेगळे. तिसऱ्या दिवशी ती खेळायला लागली, आणि खरी अडचण तिथेच असते. घसा तर औषधाशिवायही तीन-चार दिवसांत उतरतो. दहा दिवस द्यायचे ते हृदयासाठी, जंतू घशातून पुरता जावा म्हणून. अधीक्षकबाईंनी हजेरीच्या वहीत रोजची खूण केली, म्हणून ते पूर्ण झाले.

जे पांढरे थांबू देत नाही

आता असा फोटो, जो पाहून मी गुण मोजत बसत नाही. ठिपके सुटे न राहता एकमेकांत मिळून करड्या-पांढऱ्या कातडीसारखा पापुद्रा झाला आहे, आणि तो टॉन्सिलची हद्द ओलांडून पडजिभेवर किंवा टाळूवर पसरला आहे. ताप फारसा नाही, पण मूल मलूल आहे, मान दोन्ही बाजूंनी फुगली आहे. हा घटसर्प असू शकतो. पापुद्रा खरवडू नका, रक्त येते. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवा. जंतूचे विष उतरवणारे औषध जितके लवकर मिळेल तितके हृदय आणि श्वास वाचतो. निघताना लसीकरणाचे कार्ड सोबत द्या : दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस, दीड ते दोन वर्षांचा आणि पाच वर्षांचा बूस्टर, आणि १० व १६ व्या वर्षीचे टीडी. शाळेतल्या बाकी मुलांची कार्डेही त्याच दिवशी काढून पाहा.

दुसरा तातडीचा फोटो एकाच बाजूच्या सुजेचा. एक टॉन्सिल पुढे ढकललेला, पडजीभ मधून सरकून दुसऱ्या बाजूला गेलेली, तोंड नीट उघडत नाही, आवाज घोगरा, जणू तोंडात गरम घास आहे. टॉन्सिलच्या मागे पू साठल्याची ही खूण आहे. तो पू काढावा लागतो, नुसत्या गोळ्यांवर भागत नाही.

यापुढे फोटोखाली एवढे लिहा

वय आणि वजन. दुखणे कधी सुरू झाले. थर्मामीटरचा ताप. खोकला, वाहते नाक, लाल डोळे, तोंडात फोड : आहे की नाही. मानेच्या गाठी दुखतात का. पाणी पितो का, श्वास कसा आहे. लसीचे कार्ड पूर्ण आहे का. घरात किंवा खोलीत आणखी कोणाचा घसा दुखतो का, आणि पूर्वी कधी सांधे सुजले होते का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर "हो" असेल तर ते सगळ्यात वर लिहा. ज्या मुलाला एकदा सांधेताप येऊन गेला आहे, त्याच्या घशाला वरचा कुठलाही हिशेब लागू नाही. त्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचे.